सारांशात नेमकं काय गळतं?

निरोप समारंभात शिक्षक सहसा आठवणी सांगतात. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या मराठीच्या बाईंनी मात्र हातात माइक घेतला आणि सारांशलेखनावर बोलायला सुरुवात केली. शाल-श्रीफळ घेऊन झालं होतं, मंडपात माजी विद्यार्थी आणि पालक बसले होते, आणि बाईंच्या टेबलावर वर्षानुवर्षं जपून ठेवलेल्या मुलांच्या वह्यांचा गठ्ठा होता. भाषण सगळं त्या गठ्ठ्यातून निघालं.

दहावीच्या मराठीत उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहायला सांगतात. मुलांना त्यातलं 'एक तृतीयांश' तेवढं लक्षात राहतं, ही बाईंची पहिली तक्रार. मग शब्द मोजणं सुरू होतं आणि लेखन बाजूला पडतं. हे दाखवायला त्यांनी स्वतः तयार केलेला, दरवर्षी वर्गात घेतला जाणारा एक उतारा वाचून दाखवला. तो इथे जसाच्या तसा देतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

"कोयना परिसर भूकंपाच्या दृष्टीने शांत समजला जात असे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला धरणाच्या जलाशयात पाणी साठू लागले आणि त्यानंतर लहान-लहान हादरे जाणवू लागले. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे मोठा भूकंप झाला. कोयनानगरची घरे पडली, पावणेदोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली, हजारो बेघर झाले. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण ती कोसळली नाही. पाण्याच्या नुसत्या वजनाने एवढा भूकंप होत नाही. खडकात ताण आधीपासून साठलेला असतो. भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब वाढला की तो ताण मोकळा व्हायला चालना मिळते, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात."

यावर सगळ्यात जास्त वह्यांत जे सापडतं, ते असं: "कोयना परिसर शांत समजला जात असे. जलाशयात पाणी साठू लागले. 11 डिसेंबर 1967 रोजी मोठा भूकंप झाला. घरे पडली, माणसे मृत्युमुखी पडली. भिंतीला तडे गेले. पाण्याच्या वजनाने भूकंप होत नाही." यातलं कुठलंच वाक्य खोटं म्हणता येत नाही. मूळ उताऱ्यावर पेन्सिल फिरवत, थोडं खोडत, उरलेलं उतरवून काढलेलं आहे. पण उतारा न वाचलेल्या माणसाच्या हातात हे दिलं तर तो काय समजेल? पाण्याचा आणि भूकंपाचा काही संबंध नाही, असंच. लेखकाला सांगायचं होतं त्याच्या बरोबर उलटं. 'त्यानंतर' गेलं, 'नुसत्या' गेलं, आणि शेवटचं लांब वाक्य जागेअभावी कापलं गेलं.

ही खोड आपल्याच मुलांची आहे असं नाही. अॅन ब्राउन आणि जीन डे या अमेरिकेत काम करणाऱ्या दोन संशोधकांनी 1983 साली वेगवेगळ्या वयाच्या विद्यार्थ्यांचे सारांश तपासले, तेव्हा लहान मुलं अशीच खोडत-उतरवत जाताना दिसली. नको ते गाळणं लवकर जमतं. उताऱ्यात कुठेच न लिहिलेलं, पण सगळ्या उताऱ्याला कवेत घेणारं वाक्य स्वतः रचणं सगळ्यात उशिरा जमतं. कॉलेजातल्या मुलांनाही ते जड गेलं होतं.

दुसऱ्या प्रकारची वही हुशार मुलांची. "कोयना धरणामुळे 1967 साली भूकंप होऊन पावणेदोनशे लोक मेले." एका दमात सांगितलं, वाचायला ठसठशीत. बाईंना या वहीची जास्त धास्ती वाटते, आणि मला त्यांचं पटतं. पहिल्या सारांशात काहीतरी निसटलंय हे लगेच कळतं. दुसरा इतका गुळगुळीत असतो की शंकाच येत नाही. 'चालना मिळते'चं 'मुळे झाला' झालं, 'बहुतेक शास्त्रज्ञ मानतात' उडालं, आणि जपून केलेलं विधान छातीठोक होऊन बसलं. आधीपासून साठलेला ताण, म्हणजे भूकंपाची खरी ताकद कुठून आली, ते तर पार नाहीसं झालं.

बाईंनी चांगला म्हणून वाचलेला सारांश बरोबर तीस शब्दांचा आहे: "शांत समजल्या जाणाऱ्या कोयना परिसरात धरणाचे पाणी साठू लागल्यावर हादरे सुरू झाले आणि 1967मध्ये विनाशकारी भूकंप झाला. खडकात आधीच असलेल्या ताणाला पाण्याच्या दाबाने वाट करून दिली, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात." पडलेली घरं, मेलेली आणि बेघर झालेली माणसं 'विनाशकारी' या एका शब्दात आली. तिथे वाचलेली जागा लिहिणारीने 'आधीच' आणि 'असे मानतात' यांच्यावर खर्च केली. भिंतीचे तडे तिने सोडले. वाचणारा धरणाचा इंजिनिअर असता तर भिंत सुटून चाललं नसतं, हेही बाईंनी लगेच जोडलं. कुणासाठी लिहायचं हे ठरल्याशिवाय काय गाळायचं ते ठरत नाही, आणि प्रश्नपत्रिका ते कधीच सांगत नाही.

ही मुलगी असं लिहू शकली याचं कारण तिच्या रोजच्या वहीत दिसतं. बाईंनी ती वही उघडून पुढच्या रांगेत फिरवली. फळ्यावरचं आणि बाईंच्या तोंडचं सगळं उतरवून घेणाऱ्या वह्या गच्च भरलेल्या असतात. हिच्या पानावर मोजके शब्द आणि त्यांच्यामध्ये भूमितीच्या तासातून उचललेलं ∴ हे चिन्ह. 'पाणी साठलं' आणि 'भूकंप' यांच्यामध्येही आधी ∴ काढलेलं होतं. मग ते खोडून तिथे 'मदत?' असं लिहिलं होतं. दुसरा सारांश लिहिणाऱ्यांकडून जे निसटलं ते तिला त्या खोडाखोडीत सापडलं होतं.

अशा वह्या ओळखायची बाईंची पद्धत साधी. दिवाळीच्या सुट्टीनंतर वह्यांची अदलाबदल करायची आणि दुसऱ्या तुकडीतल्या मुलाला त्यावरून धडा सांगायला लावायचं. गच्च वहीवाला पानं उलटत राहतो. अतिसंक्षिप्त वहीत 'को. ध. 67 – ता. मो.' असलं काहीतरी असतं, ते ज्याने लिहिलं त्यालाही सुट्टीनंतर लागत नाही. ∴ आणि 'पण' असलेल्या वहीवरून परकं पोरही अडखळत का होईना, धडा सांगतं. त्यानंतर त्याच उताऱ्याचा सारांश पुस्तक मिटून लिहायचा, कारण उघड्या पुस्तकावरून पेन्सिल आपोआप पहिल्या वाक्यावर जाते. आकडे आणि नावं तेवढी मागाहून पुस्तक उघडून ताडून घ्यायची.

काही मजकूर मात्र एक तृतीयांशात बसतच नाही. एका वर्षी बाईंनी घरगुती जलसंजीवनीवरचा उतारा घेतला होता: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, मीठ त्याहून जास्त झालं तर बाळाला अपाय. बऱ्याच जणांनी 'पाण्यात मीठ-साखर घालून बाळाला द्यावे' असं लिहिलं आणि शब्दसंख्या नियमात बसवली. एका मुलाने सगळी मापं जशीच्या तशी उतरवली, मर्यादा ओलांडली आणि गुण कापल्याबद्दल भांडायला आला. बाईंनी त्याचे गुण वाढवून दिले आणि तो उतारा परीक्षेतून काढून टाकला.