पीआयपीच्या पत्रात नेमकं काय लिहावं?

"आपली कामगिरी अपेक्षेप्रमाणे नाही. येत्या तीन महिन्यांत विक्रीत लक्षणीय सुधारणा करावी, कामात अधिक पुढाकार घ्यावा. तसे न झाल्यास योग्य ती कारवाई करण्यात येईल." टार्गेट गाठत नसलेल्या विक्री अधिकाऱ्याला मिळणारं सुधारणा-योजनेचं पत्र बहुतेक वेळा असंच असतं. ऑफिसात याला पीआयपी म्हणतात, आणि 'त्याला पीआयपीवर टाकलं' असं कुणी सांगितलं की ऐकणारा समजून जातो की आता याचे दिवस भरले. ते पत्र वाचल्यावर दुसरं काही समजायला जागाही उरत नाही. लक्षणीय म्हणजे किती, पुढाकार घेतला हे कुणी ठरवायचं, आणि उद्या सकाळी नेमकं काय वेगळं करायचं, यातलं काहीच त्यात नाही.

असं पत्र लिहिलं जातं, कारण लिहिणाऱ्यालाच विक्री कुठे अडली आहे ते ठाऊक नसतं. म्हणून लिहायला बसण्याआधी आकडे उलगडून पाहावे लागतात.

उदाहरणादाखल बिस्किटं आणि फरसाण विकणारी एक कंपनी घेऊ. साताऱ्यासारख्या शहरातला आणि आसपासच्या गावांतला भाग एका विक्री अधिकाऱ्याकडे आहे. महिन्याचं टार्गेट सहा लाखांचं, आणि गेले चार महिने विक्री चार लाखांच्या आसपास अडकली आहे. एरिया मॅनेजरच्या तोंडी एकच वाक्य आहे, "मेहनत कमी पडतेय." पण त्याचे रोजचे रिपोर्ट काढले, तर तो दिवसाला 35 दुकानं करतो, म्हणजे बीट पूर्ण फिरतो. त्यांतली 12 दुकानं ऑर्डर देतात. सरासरी बिल 1,400 रुपयांचं असतं. महिन्याचे 24 कामाचे दिवस धरले तर 288 बिलं होतात आणि विक्री 4,03,200 रुपये. शेजारच्या भागातला त्याचा सहकारी तितकीच दुकानं करतो, त्याचं बिलही साधारण तेवढंच असतं, पण त्याला रोज 18 दुकानांतून ऑर्डर मिळते. 18 बिलं गुणिले 24 दिवस गुणिले 1,400 म्हणजे 6,04,800 रुपये. टार्गेट गाठलं जातं ते इथे.

म्हणजे पायपीट पुरेशी आहे आणि बिलाचा आकारही ठीक आहे. गळती आहे ती दुकानात शिरल्यापासून ऑर्डर हाती पडेपर्यंतच्या टप्प्यात. अशा माणसाला 'अधिक मेहनत घ्या' असं लिहिणं म्हणजे जिथे दुखत नाही तिथे औषध लावणं.

ही गळती का होते, ते रिपोर्ट सांगत नाही. त्यासाठी दोन दिवस त्याच्याबरोबर बीटवर फिरावं लागतं. आपल्या उदाहरणात एरिया मॅनेजर फिरतो आणि त्याला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे हा अधिकारी दुकानात शिरतो आणि काउंटरवरूनच विचारतो, "काय शेठ, काही पाहिजे का?" शेठ गिऱ्हाइकात गुंतलेला असतो, तो मान हलवतो, आणि हा पुढच्या दुकानाकडे निघतो. फळीवर कोणता माल संपलाय, मागच्या वेळी काय दिलं होतं, यातलं काही पाहिलं जात नाही. दुसरी गोष्ट, बरेच दुकानदार ऑर्डर नाकारतात तेव्हा एकच तक्रार करतात: मुदत संपलेला आणि फुटलेला माल डिस्ट्रिब्युटर परत घेत नाही. डिस्ट्रिब्युटरला विचारलं, तर कंपनीकडे दोन महिन्यांचे क्लेम अडकलेत असं तो सांगतो. पहिली चूक अधिकाऱ्याची आहे, दुसरी कंपनीची. माझ्या मते सगळ्या योजनेचा पाया इथे आहे. ही फोड न करता लिहिलेली पीआयपी कंपनीच्या चुकीचं बिलही त्या माणसाच्या नावावर फाडते.

आता लिहायला घेऊ. पहिल्या परिच्छेदात फक्त वस्तुस्थिती असावी. "एप्रिल ते जुलै या काळात आपल्या भागातील सेकंडरी विक्री दरमहा सरासरी 4,03,200 रुपये होती, टार्गेट 6,00,000 रुपये होते. आपण दररोज सरासरी 35 दुकानांना भेट दिली, त्यांपैकी 12 दुकानांतून ऑर्डर मिळाली." इथे स्वभावावर एक शब्दही नको. निष्काळजी, उदासीन, संघभावना नाही, असे शब्द लिहिले की वाचणाऱ्याचं सगळं लक्ष ते खोडून काढण्याकडे जातं आणि आकडे बाजूला पडतात.

'सेकंडरी' हा शब्द पत्रात मुद्दाम घालावा. कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारा माल म्हणजे प्रायमरी विक्री, आणि डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात जाणारा माल म्हणजे सेकंडरी. पत्रात नुसतं 'विक्री' लिहिलं, तर नोकरी धोक्यात आलेला माणूस 28-29 तारखेला डिस्ट्रिब्युटरच्या गळ्यात माल घालून महिना भरून काढतो. कागदावर सुधारणा दिसते, पण गोदामात माल साचतो आणि पुढच्या महिन्याची ऑर्डरच येत नाही. ते ओळखायचं असेल तर डिस्ट्रिब्युटरचा महिनाअखेरचा शिल्लक साठा पाहावा.

पुढे उद्दिष्टं येतात. इथे मी दोनच ठेवीन: रोज ऑर्डर देणारी दुकानं आणि महिन्याची सेकंडरी विक्री. पहिलं बऱ्याच अंशी त्याच्या हातात आहे, दुसरं त्यातूनच येतं. बाराचे अठरा एका महिन्यात होणार नाहीत, म्हणून तीन पायऱ्या कराव्यात. "ऑगस्टमध्ये दररोज सरासरी 14, सप्टेंबरमध्ये 16 आणि ऑक्टोबरमध्ये 18 दुकानांतून ऑर्डर घ्यावी. त्यानुसार सेकंडरी विक्री अनुक्रमे 4,70,000, 5,35,000 आणि 6,00,000 रुपये अपेक्षित आहे. परत आलेला माल वजा करून आकडा धरला जाईल." आणि त्याला एक अट जोडावी: "सरासरी बिल 1,300 रुपयांच्या खाली जाऊ नये." ही अट नसेल तर पाच-सहा दुकानांना एकेक पुडा देऊन बिलांची संख्या सहज वाढवता येते. कोणताही एकच आकडा लक्ष्य म्हणून दिला की तो फुगवण्याची वाट सापडते. म्हणून त्याच्या शेजारी त्याला जखडून ठेवणारा दुसरा आकडा हवा.

हंगामाचाही विचार पत्रातच झाला पाहिजे. सणाच्या आधी दुकानदार आपणहून माल भरतात आणि सणानंतर काही आठवडे हात आखडतात. योजनेचे महिने सणात येत असतील, तर गेल्या वर्षी त्याच महिन्यात त्या भागाची विक्री किती होती ते पाहून पायऱ्या वरखाली कराव्यात. नाहीतर सणाच्या लाटेत माणूस उगाच पास होतो किंवा त्यानंतरच्या ओहोटीत उगाच नापास होतो.

तीन महिने ही मुदत इथे बसते, कारण दुकानदार आठवड्याला ऑर्डर देतो आणि बदल लगेच दिसतो. कारखान्यांना यंत्रं विकणाऱ्याचा एक सौदाच कधी कधी सहा-आठ महिने चालतो. त्याला 90 दिवसांत विक्री दाखवायला सांगणं अशक्य काम देणं आहे. त्याच्या योजनेत किती नव्या खरेदी-प्रमुखांच्या भेटी झाल्या, किती कोटेशनं गेली आणि किती चाचणीपर्यंत पोहोचली, हे मोजावं.

यानंतर येतो मदतीचा भाग, आणि सगळ्यांत पोकळ वाक्यं इथेच सापडतात. 'कंपनी आवश्यक ते सर्व सहकार्य करेल' या वाक्याला कर्ताही नाही आणि तारीखही नाही. उद्दिष्टं जितकी नेमकी, तितकीच मदत नेमकी हवी. "एरिया मॅनेजर 4 ते 16 ऑगस्टदरम्यान चार दिवस आपल्यासोबत बीटवर येतील. पहिल्या दोन दिवशी ते स्वतः फळी तपासून ऑर्डर घेऊन दाखवतील, पुढच्या दोन दिवशी आपण घ्याल. डिस्ट्रिब्युटरचे प्रलंबित क्लेम लेखा विभाग 14 ऑगस्टपर्यंत निकाली काढेल. प्रत्येक दुकानाने मागच्या तीन वेळा काय घेतले, याची यादी सेल्स को-ऑर्डिनेटर दर सोमवारी सकाळी पाठवतील." आणि त्याखाली एक ओळ, जी लिहायला बऱ्याच कंपन्या कचरतात: "यांपैकी कंपनीकडील काम जितके दिवस लांबेल, तितके दिवस योजनेची मुदत वाढेल." ही ओळ असली की लेखा विभागही क्लेमकडे वेळेवर बघतो.

आढावा दर सोमवारी, वीसेक मिनिटांचा पुरे. मागच्या आठवड्यातली ऑर्डर देणारी दुकानं, सरासरी बिल आणि कंपनीने कबूल केलेली कामं, एवढंच बोलावं. चार ओळींची नोंद करून दोघांनी सही करावी आणि अधिकाऱ्याचं म्हणणं वेगळं असेल तर त्याच नोंदीत लिहायला जागा ठेवावी. पहिल्या महिन्यात भेटच नाही आणि शेवटच्या आठवड्यात एकदम निकाल, असा प्रकार झाला तर ती योजना केवळ फाइलसाठी होती हे कुणालाही दिसतं. मूळ पत्रावरची सही 'पत्र मिळाले' एवढ्यासाठी घ्यावी, 'आरोप मान्य' यासाठी नव्हे. पत्र बहुधा इंग्रजीत निघतं. ज्याचा दिवस मराठीत जातो त्याला मराठी प्रतही द्यावी, आणि समोर बसून प्रत्येक ओळ वाचून दाखवावी.

एक गल्लत मात्र कटाक्षाने टाळावी. दुकानात न जाताच भेट दाखवली, खोट्या ऑर्डरी टाकल्या, वसुलीचे पैसे वापरले, हे गैरवर्तन आहे. त्याची चौकशी वेगळी आणि त्याचे नियमही वेगळे. ते पीआयपीत घुसडलं की दोन्ही प्रकरणं कमकुवत होतात. शिवाय कार्डावर 'एक्झिक्युटिव्ह' छापलं म्हणून माणूस कामगार कायद्याच्या बाहेर जातोच असं नाही. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत कामगाराच्या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांचाही समावेश आहे. म्हणून शेवटचा परिच्छेद पक्का करण्याआधी कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवावा.

त्या शेवटच्या परिच्छेदात काय होऊ शकतं ते सरळ सांगावं. "ऑक्टोबरचे उद्दिष्ट गाठल्यास योजना बंद झाल्याचे पत्र 7 नोव्हेंबरपर्यंत देण्यात येईल. दररोज 16 किंवा अधिक दुकानांतून ऑर्डर येत असून 18 पूर्ण झाली नसल्यास योजना एकदाच 30 दिवसांनी वाढवली जाईल. त्याखाली राहिल्यास दुसऱ्या कामावर बदली किंवा नियुक्तीपत्रातील अटींनुसार सेवा समाप्ती यांबाबत निर्णय घेतला जाईल व तो कारणांसह लेखी कळवला जाईल." योजना बंद झाल्याचं पत्र अनेकदा द्यायचंच राहून जातं. माणूस उद्दिष्ट गाठतो, सगळे विसरून जातात, आणि पगारवाढीच्या वेळी त्याच्या फाइलमध्ये फक्त पीआयपीचं पत्र सापडतं. म्हणून ती 7 नोव्हेंबर ही तारीख एचआरच्या कॅलेंडरमध्ये पहिल्याच दिवशी टाकून ठेवावी.