उपवासकाळातील शुक्रवार आणि अख्खे मूग



उपवासकाळ आला की शुक्रवारच्या जेवणाचा प्रश्न आपल्या घराघरांत उभा राहतो. मांसाहार वर्ज्य, मग कुणी महागडी मासळी आणतो, कुणी पनीर आणतो, तर जिथे पैशांची ओढाताण आहे तिथे भात, पातळ वरण आणि बटाट्याची भाजी यांवरच भागविले जाते. त्यागाचा दिवस अशा रीतीने एका घरी खर्चाचा ठरतो, तर दुसऱ्या घरी पोटाच्या तक्रारीचा.

आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघरी जाताना वृद्धांच्या तोंडून सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार गुडघ्यांची असते आणि तिच्या खालोखाल बद्धकोष्ठाची. अशाच एका घरी उशाशी पोट साफ होण्याच्या चूर्णाची बाटली होती. सकाळी चहा-पाव, दुपारी भात आणि माशाचे कालवण, संध्याकाळी चहा-बिस्किटे, रात्री पुन्हा भात असा त्या घरचा आहार होता. मुलगा रोजंदारीवर जाणारा. चूर्णावर महिन्याला जो खर्च होत होता, त्यात घरातील पाचही माणसांना आठवड्यातून एकदा तरी अख्ख्या मुगाची उसळ मिळाली असती. त्या हिशेबातूनच हा लेख सुचला.

चोथा म्हणजे काय?

धान्याचे साल, कडधान्याचे टरफल, भाजीचे देठ आणि पान यांतील जो भाग आपल्या आतड्यात पचत नाही, त्याला आपण चोथा किंवा तंतुमय भाग म्हणतो. त्याचे दोन प्रकार आहेत. एक पाणी धरून ठेवतो व मळ मऊ करतो. दुसरा मऊसर लगद्यासारखा होऊन अन्नातील साखर रक्तात सावकाश जाऊ देतो. मोठ्या आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे खाद्यही हाच चोथा होय. तो केवळ वनस्पतिजन्य अन्नात असतो. मासळी, मांस, अंडी आणि दूध यांत तो मुळीच नसतो. किनाऱ्याकाठच्या आपल्या लोकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे, कारण भात आणि मासळी हे जेवण चवीला कितीही भरलेले वाटले तरी चोथ्याच्या दृष्टीने ते जवळपास रिकामे असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथ्याची शिफारस केली. आता वर सांगितलेल्या धर्तीचे एका प्रौढाचे दिवसाचे जेवण मोजून पाहू. २५० ग्रॅम तांदळातून सुमारे ७ ग्रॅम, ३० ग्रॅम तुरीच्या डाळीतून ३, बटाट्याच्या भाजीतून २ आणि मैद्याच्या दोन पावांतून २. सारे मिळून १४ ग्रॅम होतात. गरजेच्या निम्म्याहून थोडे अधिक.

आता तांदूळ २०० ग्रॅमवर आणावा. त्यातून ६ ग्रॅम. पावाऐवजी न चाळलेल्या १०० ग्रॅम गव्हाच्या पिठाच्या पोळ्या, त्यातून ११. डाळीऐवजी ४० ग्रॅम अख्खे मूग, त्यातून ७. बटाट्याऐवजी दीडशे ग्रॅम गवार, भेंडी किंवा कोबी. त्यातून ५ ग्रॅम. बेरीज २९ होते. या बदलात एकही पदार्थ औषधाच्या दुकानातून आणावा लागत नाही.

सालातच सारे आहे

शंभर ग्रॅम अख्ख्या मुगात सुमारे १७ ग्रॅम चोथा असतो; साल काढलेल्या मूगडाळीत तो ९ ग्रॅमच्या आसपास उतरतो. अख्ख्या हरभऱ्यात तो २५ ग्रॅम, तर चणाडाळीत १५ ग्रॅम. गिरणीत साल निघाले की चोथ्याचा मोठा वाटा त्याबरोबर जातो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मोड आल्याने कडधान्यातील चोथा फारसा वाढत नाही. वाढते ते पाणी. २०० ग्रॅम मुगाचे मोड आल्यावर वजन ४०० ते ५०० ग्रॅम भरते. पण दाणे तेच आणि सालही तेच. मोडाचा लाभ निराळा आहे. मोड येताना पोटात वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात, लोह अडवून धरणारे द्रव्य काही अंशी घटते आणि कोरड्या दाण्यात नसल्यासारखे असलेले क जीवनसत्त्व निर्माण होते. म्हणून उसळ पचायला सोपी जाते आणि लवकर शिजल्याने इंधनही वाचते.

यातूनच पैशाचा एक धडा मिळतो. बाजारातील तयार मोडांत आपण निम्म्याहून अधिक पाण्याचे पैसे मोजतो. मुगाचा भाव किलोला १२० रुपये धरला, तर पाव किलो मोडांसाठी लागणारे सव्वाशे ग्रॅम मूग १५ रुपयांचे होतात. तेच तयार मोड ३० रुपयांना मिळत असतील तर निम्मे पैसे केवळ भिजविण्याच्या श्रमाचे आहेत. भाव बदलतील, हिशेबाची रीत बदलत नाही.

आपल्या लाडक्या वालाच्या बिरड्याविषयीही दोन शब्द. वालाचे साल चिवट व कडवट असल्याने मोड आल्यावर ते सोलावेच लागते. बिरडे चविष्ट आणि प्रथिनयुक्त आहे, परंतु सालाबरोबर चोथ्याचा बराच भाग टाकला जातो. म्हणून बिरडे सणाला असू द्यावे आणि चोथ्यासाठी मूग, मटकी, चवळी, हरभरा या सालासकट खाण्याच्या कडधान्यांकडे वळावे.

पाच माणसांची उसळ

गुरुवारच्या उसळीची तयारी मंगळवारी रात्री करावी. २०० ग्रॅम मूग, म्हणजे साधारण एक मोठी वाटी, निवडून दोनदा धुवावेत आणि तिप्पट पाण्यात भिजवावेत. बुधवारी सकाळी पाणी काढून टाकावे. जे दाणे फुगलेले नाहीत ते कोरडू. ते वेचावेत, कारण ते शिजत नाहीत आणि दाताखाली येतात. मूग ओल्या सुती फडक्यात सैल बांधून टांगावेत किंवा चाळणीत ठेवून वरून ओले फडके घालावे. सकाळ-संध्याकाळ ते स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण निथळावेत. उन्हाळ्यात बारा ते अठरा तासांत मोड येतात. थंडीत दीड दिवसही लागतो. दाण्याएवढा मोड पुरेसा आहे. थंडीत शुक्रवारच्या उसळीसाठीही हाच मंगळवार धरावा.

बिघाड ओळखणे सोपे आहे. चांगल्या मोडांना ओल्या मातीसारखा, हिरवट वास येतो. आंबट वास आला, बोटाला तार लागली किंवा दाणे बुळबुळीत झाले तर ते धुऊन वापरण्याचा मोह टाळावा. ते टाकूनच द्यावेत. बहुतेक वेळा कारण एकच असते: पाणी नीट निथळलेले नसते अथवा पुरचुंडी घट्ट बांधून वाटीत ठेवलेली असते.

मोड कच्चे खाण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे. जी ऊब आणि ओल मोडांना लागते तीच रोगजंतूंनाही मानवते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या जंतुसंसर्गाने ५० हून अधिक माणसे दगावली. तेव्हा लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी यांना मोड शिजवूनच द्यावेत. कांदा-लसणीची फोडणी, हळद आणि दोन वाट्या पाणी घालून झाकण ठेवावे. दहा-बारा मिनिटांत उसळ तयार होते. कुकर नको. शिजल्याचे पाणी ओतून टाकू नये, तोच रस्सा. शिजविताना क जीवनसत्त्व घटते, म्हणून ताटात वाढल्यावर लिंबू पिळावे; त्यायोगे मुगातील लोहही शरीराला अधिक मिळते.

चाळणी आणि परसबाग

रेशनचा गहू गिरणीतून दळून आणल्यावर पुष्कळ घरी बारीक चाळणीने चाळतात आणि कोंडा गुराढोरांपुढे जातो. गव्हाचा चोथा त्या कोंड्यातच असतो. पीठ जाड चाळणीने केवळ खडे-काडी काढण्यापुरते चाळावे आणि मळल्यावर अर्धा तास भिजू द्यावे; पोळी मऊ होते.

भाजी हंगामाची घ्यावी, कारण आवक वाढली की भाव उतरतो. शेवग्याचा पाला तर अनेकांच्या कुंपणाशीच असतो. त्यात शंभर ग्रॅममागे सुमारे ८ ग्रॅम चोथा आहे, जो बहुतेक विकतच्या पालेभाज्यांहून अधिक ठरतो. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे देठ आणि दुधीची साल आपण टाकून देतो. साल तिळाबरोबर परतली की चटणी होते. देठ बारीक चिरून उसळीतच घालावेत.

सावधगिरी

चोथ्याची सवय नसलेल्या पोटाला एकदम मोठी वाटी दिली तर पोट फुगते आणि माणूस उसळीलाच दोष देतो. पहिला आठवडा अर्धी वाटी घ्यावी, मग वाढवावी. पाणीही वाढवावे, पाण्यावाचून चोथा आतड्यात सुकतो आणि बद्धकोष्ठ उलट बळावते. दोन वर्षांखालील बाळांचे पोट लहान असते. त्यांना उसळ कुस्करून, थोडी आणि तुपासह द्यावी. मूत्रपिंडाचे विकार, आतड्याची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा मधुमेहाची औषधे असल्यास आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. शौचातून रक्त जाणे, उतारवयात शौचाची सवय अचानक बदलणे किंवा कारणाविना वजन घटणे ही लक्षणे असतील तर आहारात उपाय शोधत बसू नये. त्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.

दानिएलच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात राजाच्या पक्वान्नांऐवजी भाजीपाला आणि पाणी मागणारे चार तरुण आपणांस भेटतात. कारभारी कचरतो, तेव्हा दानिएल त्याच्याशी वाद घालीत नाही. दहा दिवस पारखून पाहा, एवढेच तो सुचवितो. आपणही उपवासकाळातील दहा दिवस निवडावेत. पीठ न चाळता पोळी, एका वेळी अख्ख्या कडधान्याची उसळ आणि एक हंगामी भाजी, एवढाच बदल करावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दोन गोष्टी टिपाव्यात: पोट साफ झाले की नाही आणि त्या दिवशी बाजारात किती पैसे गेले. दहाव्या दिवशी घरातल्या आजोबांना त्या दोन रकान्यांवरून विचारावे की चूर्णाची नवी बाटली आणायची की नाही. उरलेले पैसे कुठे ठेवायचे हे उपवासकाळात आपणांस सांगावे लागत नाही. दानपेटी चर्चच्या दारापाशीच आहे.

- संपादक