बंद केलेला टॅब जातो कुठे?

1972च्या दुष्काळावर काम करणाऱ्या एखाद्या अभ्यासकाचा ब्राउझर दुपारपर्यंत कसा झालेला असतो, ते डोळ्यांसमोर आणा. जिल्हा गॅझेटियर, 1977चा रोजगार हमी कायदा, शोधनिबंध, ग्रंथालयाचा कॅटलॉग. टॅब इतके चेपलेले की एकाचंही नाव धड वाचता येत नाही. त्यातला एक मिटवायला Ctrl+W दाबताना बोट चुकून Shift वरही पडतं, आणि एका टॅबऐवजी अख्खी विंडोच गायब.

क्रोममध्ये असाल तर आता Ctrl+Shift+T दाबा (मॅकवर Ctrl च्या जागी ⌘). सगळी विंडो आपल्या टॅबांसकट परत उभी राहते. एकेक करून बंद केलेले टॅबही याच कळांनी येतात: शेवटी मिटवलेला आधी, मग त्याच्या आधीचा. ताटांच्या चळतीतून वरचं ताट आधी निघावं तसं. फायरफॉक्स मुळात असे 25 टॅब लक्षात ठेवतो.

पण खरी गंमत परत आलेल्या टॅबच्या मागे जाण्याच्या बाणात आहे. तो दाबून पाहा. तुम्ही ज्या यादीतून त्या निबंधावर आलात ती यादी, आणि तिच्या आधीचं शोधपान, सगळी वाट शाबूत असते. बहुतेक वेळा पान जिथवर वाचलं होतं तिथेच उघडतं. कारण टॅब मिटताना ब्राउझर पान सांभाळून ठेवत नाही. पत्ता, शीर्षक, तुम्ही आलात तो मार्ग आणि पानावरची जागा, अशी टिपणं ठेवतो. पान पुन्हा नव्याने उघडलं जातं, बरेचदा सर्व्हरकडून मागवून. म्हणूनच कधीकधी फसगतही होते. ग्रंथालयाचं लॉगिन संपलेलं असेल तर निकालांच्या जागी लॉगिनचं पान पुढ्यात येतं. आणि इन्कॉग्निटो विंडो बंद केलीत, तर तिची टिपणंही तिच्याबरोबर गेली. तिथे ही जादू चालत नाही.

उघड्या टॅबांच्या गर्दीत हवा तो शोधायला क्रोम आणि एजमध्ये Ctrl+Shift+A आहे. शब्द टाइप केला की यादी गाळली जाते. फायरफॉक्समध्ये याच कळा भलतंच, म्हणजे ॲड-ऑन्सचं पान उघडतात. तिथे Ctrl+L ने पत्त्याच्या पट्टीत जायचं, % टाइप करून स्पेस द्यायची आणि मग शब्द लिहायचा. दोन्हीकडे शोध चालतो तो शीर्षकात आणि पत्त्यात, पानाच्या मजकुरात नाही. त्यामुळे ‘download(3).pdf’ नावाचा टॅब ‘दुष्काळ’ लिहून कधीच सापडणार नाही.

मजकुरात शिरायचं ते Ctrl+F ने. Enter दाबला की पुढची जागा, Shift+Enter ने मागची. इंग्रजी वाचणाऱ्याचं काम इथे जवळपास संपतं. मराठी वाचणाऱ्याचं इथे सुरू होतं. अहवालात ‘शेतकरी’ शोधा. जिथे ‘शेतकऱ्यांना’, ‘शेतकऱ्याची’ असं लिहिलंय ती सगळी ठिकाणं निसटतात, कारण ब्राउझरला सामान्यरूप कळत नाही. तो अक्षरं जुळवतो. शिवाय त्यातला ‘ऱ्या’ वेगवेगळ्या टंकलेखकांनी आतून वेगवेगळ्या चिन्हांनी बनवलेला असू शकतो. दिसायला तोच, संगणकाच्या लेखी वेगळा. उपाय सोपा आहे: फक्त ‘शेतक’ शोधा. शब्द जिथे बदलायला लागतो त्याच्या अलीकडेच थांबलं की सगळी रूपं एका झटक्यात हाती लागतात.

आणि तरीही उत्तर शून्य आलं तर? शब्द डोळ्यांसमोर छापलेला दिसतोय आणि ब्राउझर म्हणतो, नाही. अशा वेळी त्या शब्दावरून माउस ओढून पाहा. शब्द निवडलाच जात नसेल तर बहुधा ते स्कॅन केलेलं चित्र आहे. ओसीआर केल्याशिवाय त्यात शोधण्याजोगं काही नाही. निवडला गेला, तर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. रोमन अक्षरांचं अगम्य कडबोळं उमटलं, तर फाइल युनिकोडच्या आधीच्या वळणाच्या फाँटमध्ये आहे. जुन्या सरकारी पीडीएफमध्ये हे हमखास भेटतं: देवनागरी दिसते ती फाँटची करामत, आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं.

मात्र ते कडबोळं टाकून देऊ नका. तेच उचलून Ctrl+F च्या चौकटीत पेस्ट करा. त्याच फाइलमध्ये, त्याच फाँटमध्ये हा शब्द जिथे जिथे आलाय तिथे आतून बहुधा हेच कडबोळं असतं, आणि एरवी शून्य सांगणारा ब्राउझर एकामागून एक ‘शेतकरी’ दाखवू लागतो.