डिपॉझिट परत येईपर्यंत सगळं छानच

पुण्यात सदाशिव पेठेपासून कर्वेनगरपर्यंत 'कॉट बेसिस'च्या पाट्या बारमाही झळकतात. तिथे राहणाऱ्यांना 'कसं आहे?' असं विचारलं, की बहुतेकांचं उत्तर मवाळ असतं. त्यांचे पैसे मालकाकडे अडकलेले असतात. म्हणून खरा अभिप्राय मिळतो तो खोली सोडून गेलेल्यांकडून.

समजा, चार कॉटच्या खोलीत एका मुलीने महिना 6,000 रुपये भाडं आणि 12,000 डिपॉझिट भरलं. सात महिन्यांनी, ठरल्याप्रमाणे एक महिना आधी कळवून, तिने खोली सोडली. हातात आले 7,000. रंगकामाचे 3,000, गादीचे 1,500 आणि लाईटबिलाचे 500 कापले, असं तोंडी सांगण्यात आलं.

यातलं लाईटबिल तपासणं सोपं आहे. महिन्याचं बिल 2,000 आलं असेल आणि ते वेगळं द्यायचं ठरलं असेल, तर चौघींत 500 रास्तच. गादी फाटली असेल तर आत येताना काढलेले फोटो कामाला येतात. नुसती दबली असेल, तर ती वापरानेच दबणार. रंगाची गोष्ट मात्र खास आहे. प्रत्येकीकडून 3,000 घेतले तर एका खोलीमागे 12,000 होतात. तिच्या जागी आलेल्या मुलीला एवढंच विचारायचं: रंग लागला का? कॉट दुसऱ्याच दिवशी भरली आणि भिंतीवरचे जुने डाग तसेच असतील, तर ते रंगकाम नव्हे, मालकाची वरकमाई!

अशी कापाकापी कलमवार, रकमेसह आणि पैसे किती दिवसांनी मिळाले तेही लिहिलं, तर वाचणाऱ्याला उपयोग होतो. 'मालक लबाड आहे' यातून काहीच कळत नाही.

जेवणाचंही तसंच. पहिल्या दिवशीचं पनीर विसरावं. क्लासहून रात्री साडेनऊला येणारीला भाजी उरते का आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का, ते सांगावं. सुरक्षेत कॅमेऱ्यांइतकाच एक प्रश्न महत्त्वाचा: दहाला गेटला कुलूप लागतं, मग रात्री आग लागली तर किल्ली कोणाकडे? गेटची वेळ परीक्षेच्या किंवा रेल्वेच्या दिवशी शिथिल होते का, हेही नोंदवावं. रूममेट बदलत राहतात, त्यामुळे त्यांच्या घोरण्यावर लिहिण्यात अर्थ नाही. भांडण झाल्यावर कॉट बदलून मिळते का, ते लिहावं.

पैसे अडलेच, तर भाडं आणि डिपॉझिट यूपीआयने दिल्याची नोंद, नियमांच्या कागदाचा फोटो आणि खोली सोडत असल्याचा लेखी मेसेज जपून ठेवावा. राहणं-जेवणं पैसे घेऊन पुरवलं जात असल्याने ग्राहक म्हणून तक्रार करता येते. सुरुवात 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनपासून करावी. तिथे मिटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे.