‘अपशब्द वापरले’ एवढ्यावर भागत नाही

मी चाळीसगावात घरी बसून एका कॉल सेंटरचं काम करते. एका संध्याकाळी रिफंड अडकलेल्या ग्राहकाचा फोन आला. माझं नाव ऐकलं आणि त्याचा सूरच बदलला. मी दोनदा ताकीद दिली, मग फोन बंद केला.

रडू ओसरल्यावर रिपोर्ट लिहिला : ‘ग्राहकाने अपशब्द वापरले, म्हणून कॉल बंद केला.’ दुसऱ्या दिवशी तो परत आला. वर कॉल मध्येच तोडल्याबद्दल माझे गुण कापले होते. खरं तर माझ्या वाक्यातून काहीच कळत नव्हतं. ‘अपशब्द’ म्हणजे कुणाला ‘मूर्ख’ वाटतं, कुणाला आईवरची शिवी. आणि तपासणाऱ्याला अख्खी रेकॉर्डिंग ऐकायला वेळ नसतो.

पण ते शब्द लिहायचे कसे? घरात अब्बा, लहान भाऊ. अम्मी म्हणाली, “बेटा, तोंड त्याचं घाण झालंय, तुझं नाही. लिही.”

मग असं लिहिलं. आधी कॉल आयडी आणि कॉल सुरू झाल्याची वेळ, संध्याकाळी ७:४२. पुढच्या वेळा रेकॉर्डिंगच्या काट्यावरच्या, मिनिट आणि सेकंदात :

०४:१५ – “तुम लोगों को नौकरी किसने दी? पाकिस्तान जाओ.”
०४:३० – माझी पहिली ताकीद.
०६:०५ – “पैसे छोड़, रात को मिलने का क्या लेगी?”
०६:१२ – दुसरी ताकीद.
०७:२० – आईवरून शिवी. (रिपोर्टमध्ये पूर्ण लिहिली, इथे नाही.)
०७:३१ – कॉल बंद.

‘तो घाणेरडं बोलला’ हे माझं मत झालं; त्याचेच शब्द म्हणजे पुरावा. टीम लीडरनी नेमक्या त्या तीन जागा ऐकल्या. दोन्ही ताकिदी सापडल्या, गुण परत मिळाले.

०६:०५ चं वाक्य वेगळं आहे. २०१३ च्या कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही स्त्रीला सुरक्षित ठेवणं मालकाचं काम आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी, आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. घरून काम केलं म्हणून हा हक्क जात नाही. धर्मावरून केलेला अपमान मात्र या समितीकडे येत नाही. तो एचआरकडे वेगळा द्यावा लागतो. म्हणून दोन्ही वाक्यं वेगळी नोंदवावीत.

दोन गोष्टी सांभाळा, बहिणींनो. ग्राहकाचा नंबर किंवा रेकॉर्डिंग स्वतःच्या मोबाइलवर घेऊ नका. त्यावरून तुमचीच नोकरी जाऊ शकते. कॉल आयडी पुरतो. आणि रेकॉर्डिंग कायमची राहत नाही, काही काळाने पुसली जाते. म्हणून त्याच दिवशी लिहा आणि ‘ही रेकॉर्डिंग जपून ठेवावी’ अशी लेखी मागणी करा.