भिंगावर २० लिहिलंय, तुमचं २०.१६ कसं?

बी.एस्सी.च्या प्रकाशशास्त्राच्या प्रयोगाचं सादरीकरण संपलं की परीक्षकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. त्यावर वर्षानुवर्षं ठरलेलं उत्तर मिळतं: "सर, मानवी चूक." या उत्तरानं काहीच कळत नाही. चूक कुठे झाली, त्यामुळे आकडा वाढला की घटला आणि किती, हे सांगता आलं तरच ते उत्तर. आणि ते सांगता येतं.

बहिर्वक्र भिंगाचाच प्रयोग घेऊ. ऑप्टिकल बेंचवर वस्तू, भिंग आणि पडदा यांचे स्टँड असतात. वस्तूचं अंतर u आणि प्रतिमेचं अंतर v पट्टीवरून वाचायचं आणि नाभीय अंतर f = uv/(u+v) या सूत्रानं काढायचं (अंतरं इथे चिन्हाशिवाय घेतली आहेत). समजा, f खरोखरच २० सेंमी आहे. मग वस्तू ३० सेंमीवर असेल तर प्रतिमा ६० सेंमीवर पडते. पण पट्टीवर वाचन देणारी खूण स्टँडच्या पायाशी असते, भिंगाचा मध्य वर कड्यात असतो आणि दोन्ही नेमके एका रेषेत असतीलच असं नाही. भिंग खुणेपेक्षा अर्धा सेंमी वस्तूकडे झुकलेलं असेल, तर पट्टीवर ३०.५ आणि ५९.५ दिसतात. सूत्रात घातले की उत्तर येतं २०.१६.

आता वस्तू ६० सेंमीवर न्या. प्रतिमा ३० वर येते, पट्टीवर ६०.५ आणि २९.५ दिसतात आणि f येतो १९.८३. तीच चूक एकदा उत्तर वाढवते, एकदा कमी करते! म्हणून जर्नलमधल्या तक्त्यात u वाढत जाताना f एकाच दिशेनं घसरत असेल, तर पहिला संशय स्टँडवर घ्यावा. हात थरथरला किंवा डोळा चुकला तर आकडे असे रांगेत घसरत नाहीत, वरखाली विखुरतात. सरासरी काढून तक्ता मिटवणाऱ्याला हा सगळ्यांत बोलका पुरावा दिसतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

इलाजही आहे. वस्तू आणि पडदा ९० सेंमीवर पक्के ठेवा आणि फक्त भिंग सरकवा. दोन जागी स्पष्ट प्रतिमा मिळते, एकदा मोठी, एकदा लहान. या दोन जागांमधलं अंतर d आपल्या भिंगासाठी ३० सेंमी येईल. मग f = (D² − d²)/4D, म्हणजे (८१०० − ९००)/३६०, बरोबर २०. खुणेची चूक दोन्ही जागी सारखीच असल्यामुळे वजाबाकीत निघून जाते. D मात्र अजून वस्तूच्या आणि पडद्याच्या स्टँडवर अवलंबून आहे, म्हणून तेवढं अंतर वेगळ्या पट्टीनं मोजावं.

पुढचा प्रश्न असू शकतो, "कोणत्या रंगाचं नाभीय अंतर?" भिंगाची काच निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वळवते. नेहमीच्या क्राउन काचेच्या २० सेंमीच्या भिंगात या दोन रंगांची नाभी सुमारे ३ मिलिमीटरनं वेगळी पडते. साध्या दिव्यानं मोजताना प्रतिमेच्या कडेला रंगाची झालर दिसते ती यामुळेच. अशा वेळी भिंगावरच्या २० या आकड्याला दशांशापर्यंत खरं मानण्यात अर्थ नाही.

विवर्तनाच्या प्रयोगात तर पुस्तकातला आकडाच फसवतो. पुस्तकात हेलियम-निऑन लेसरची तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर असते आणि टेबलावर असतो साधा लेसर पॉइंटर. त्याच्या चिठ्ठीवर ६३० ते ६८० असा पल्लाच छापलेला असतो. तरंगलांबी प्रत्यक्षात ६५० असताना ६३२.८ घेतली, की फटीची रुंदी अडीच टक्क्यांहून जास्त कमी येते, मग मोजमाप कितीही काळजीनं करा.

दुसरी चूक पडद्यावरची. ०.०८ मिमीची फट, पडदा २ मीटरवर, लेसर ६५० नॅनोमीटरचा. मधल्या उजेडाच्या दोन्ही बाजूंचे पहिले काळे पट्टे एकमेकांपासून ३२.५ मिमीवर येतात. त्याचं निम्मं, १६.२५ मिमी, हे सूत्रातलं y आणि रुंदी a = λD/y. निम्मं करायला विसरलं तर रुंदी नेमकी अर्धी, ०.०४ येते. तो मोजमापातला फरक नव्हे, सरळ घोटाळा आहे. याउलट काहीजण काळ्याऐवजी बाजूचा पहिला उजळ पट्टा मोजतात आणि तो दोन काळ्यांच्या बरोबर मधोमध, म्हणजे १.५λD/a वर धरतात. तिथल्या उजेडाचा शिखरबिंदू खरं तर १.४३ वर, मध्याकडे सरकलेला असतो. तो २३.२ मिमीवर मोजून १.५ नं हिशेब केला तर फट ०.०८४ मिमी येते. पट्टी बरोबर, डोळा बरोबर, तरी पाच टक्के जास्त. काळा पट्टा अंधारात जास्त नेमका सापडतो, म्हणून तोच मोजावा. शक्य असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या काळ्या पट्ट्यापर्यंत मोजून दोन किंवा तीननं भागावं. पट्टीची अर्ध्या मिलिमीटरची शंका मग तेवढ्याच पटीनं लहान होते.