पाकिटातलं खेळणं आणि पन्नास मीटरची रेघ

वस्तीतल्या दुकानाबाहेर पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा लटकत असतात. त्या किती उंचीवर असतात ते एकदा बघा. मोठ्या माणसाच्या कमरेशी, म्हणजे चार वर्षांच्या पोराच्या डोळ्यांसमोर. बालवाडीतून येणारं पोर तिथे थांबतं आणि आईचा पदर ओढतं. कित्येकदा त्याला आतला खाऊ नको असतो. त्याला भिंगरी, स्टिकर किंवा शिट्टी हवी असते.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2004 साली या विषयावर अहवाल दिला. जाहिरात आपल्याला काही विकण्यासाठी केलेली असते, हे साधारण आठ वर्षांखालच्या मुलाला नीट कळत नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्याला ती खरी माहिती वाटते. म्हणून पोराच्या हट्टाला आम्ही निव्वळ वाईट सवय म्हणत नाही. ज्याला सौदा कळत नाही, त्याच्याशीच इथे सौदा केला जातो.

असंच एक पाकीट आम्ही उलटून वाचलं. वजन 15 ग्रॅम. 100 ग्रॅममागे 540 कॅलरी आणि 800 मिलिग्रॅम सोडियम. म्हणजे दोन पाकिटांत सुमारे 160 कॅलरी आणि 240 मिलिग्रॅम सोडियम. एवढ्या कॅलरी दोन छोट्या पोळ्यांत मिळतात. जेवणाआधी हे पोटात गेलं की पोर डाळभात ढकलतं. पोट भरलेलं दिसतं, पण डाळीतली प्रथिनं आणि भाजीतलं लोह राहून जातं. खेळण्यांचा 'सेट' पुरा करायचा असेल, तर दोनाची चार पाकिटं होतात.

यावर नियम आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, साखर वा मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत मुलांना विकता येत नाहीत. तिथे त्यांची जाहिरातही करता येत नाही. आम्ही टेप घेऊन मोजलं. आमच्या गल्लीतलं दुकान फाटकापासून 62 मीटरवर निघालं. दुकानदार ताईंची काहीच चूक नव्हती. पण पोर बारा मीटर पुढे आलं म्हणून त्याची समज वाढत नाही.

नियमाची अक्षरं पाळून त्याचा हेतू बाजूला कसा पडतो, याचं मोठं उदाहरण सॅन फ्रान्सिस्को शहरात घडलं. मुलांच्या जेवणाबरोबर खेळणं फुकट द्यायचं तर ते जेवण 600 कॅलरींच्या आत हवं आणि त्यात फळ व भाजी हवी, असा कायदा तिथे 2011 च्या डिसेंबरात लागू झाला. मॅकडोनाल्ड्सने खेळण्याचे वेगळे दहा सेंट घ्यायला सुरुवात केली आणि ते पैसे धर्मादाय कामाला दिले. खेळणं 'फुकट' राहिलं नाही, म्हणून कायदा मोडला गेला नाही. जेवणासोबत खेळणं मात्र मिळतच राहिलं.

आमच्या ताईंनी उलटं केलं. आम्ही त्यांच्याशी तीनदा बोललो. शेवटी त्या म्हणाल्या, "माझी नात पण तेच मागते ना!" मग त्यांनी माळा काढून मागच्या वरच्या फळीवर ठेवल्या. खेळणंवाली पाकिटं मागवणं थांबवलं. एकट्या आलेल्या लहान पोराला पाकीट उधार द्यायचं बंद केलं. पुढे केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि कुरमुरे ठेवले. पहिल्या महिन्यात गल्ला कमी झाला, काही पोरं पलीकडच्या दुकानात गेली. मग आम्ही त्या दुकानदार दादांकडेही गेलो. खेळण्याची पाकिटं त्यांनीही बंद केली, माळा मात्र तशाच आहेत. आपण सम्यक आजीविका म्हणतो, ती अशा बारा मीटरांतच दिसते. आणि ताईंना जमलं ते कंपनीला सोपं आहे. खेळणं पाकिटात टाकायचं की नाही, हे तीच ठरवते.

घरी दोन गोष्टी सांभाळा. पाकिटातून निघालेलं खेळणं आधी आपल्या हातात घ्या. सव्वातीन सेंटीमीटर रुंदीच्या, म्हणजे दहाच्या नाण्याहून जराशा मोठ्या तोंडाच्या नळीत ते पूर्ण मावलं, तर तीन वर्षांखालच्या बाळाच्या घशात अडकू शकतं. सुटणारी चाकं आणि शिट्टीच्या आतला गोळाही असाच तपासा. दुसरं, पाकिटाऐवजी म्हणून अख्खे शेंगदाणे-फुटाणे पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नका. तेही श्वासनलिकेत जातात. कूट करून द्या.

आणि पोर हट्ट करील तेव्हा "रडू नको, पाकीट देते" असं म्हणू नका. रडलं की पाकीट मिळतं, हे ते लगेच शिकतं. बाजाराला निघण्याआधी त्याला काहीतरी खाऊ घाला. भरल्या पोटी हट्ट थोडा कमी होतो, हे आम्ही घरोघरी पाहिलं आहे.